१०० ची पट्टी वाकवली, १०३.७५ भरली: पत्र्याच्या पार्टचं बेंड अलाउन्स आणि लेझरसाठी फ्लॅट पॅटर्न

२ मिमी सीआरसीए, म्हणजे साध्या पोलादाच्या, पत्र्याची बरोबर १०० मिमी लांब पट्टी घ्या. प्रेस ब्रेकवर मधोमध काटकोनात वाकवा आणि दोन्ही पाय बाहेरून मोजा. माझ्याकडच्या पट्टीचा एक पाय ५१.८० भरला, दुसरा ५१.९५. बेरीज १०३.७५. पत्रा १०० चाच होता, मग हे पावणेचार मिमी आले कुठून?

कुठूनच आले नाहीत. बाहेरून मोजताना आपण प्रत्येक पाय कोपऱ्याच्या टोकापर्यंत मोजतो, पण त्या टोकावर पत्रा नसतोच. तो गोलाईने आतून वळून जातो. चौकातून रस्ता मोजत गेलं तर अंतर जास्त भरतं आणि मैदानातून तिरकं गेलं तर कमी, तसाच हा प्रकार आहे. आपण चौकातून मोजतो, पत्रा मैदानातून जातो. हा फरक म्हणजे बेंड डिडक्शन. शॉपमध्ये कुणी याला 'बेंडला किती वाढतो' म्हणतं, कुणी 'किती वजा करायचा'. नव्या माणसाचे पहिले चार पार्ट बहुतेक याच आकड्यावरून भंगारात जातात. म्हणून या लेखात एकच साधा ब्रॅकेट घेऊ आणि मोजमापापासून लेझरच्या फाइलपर्यंत पुरा करू. सॉफ्टवेअर म्हणून फ्रीकॅड घेतलं आहे, कारण ते फुकट आहे. सॉलिडवर्क्स किंवा फ्यूजन वापरत असाल तर बटणं बदलतील, आकडे तेच राहतील.

ब्रॅकेट

यू आकाराचा ब्रॅकेट आहे. तळ बाहेरून बाहेर ८० मिमी, दोन्ही बाजूंचे पाय बाहेरून ४० मिमी उंच, रुंदी ६० मिमी. पत्रा २ मिमी. तळात ५० मिमी अंतरावर दोन भोकं आणि प्रत्येक पायात मधोमध एक भोक, तळाच्या बाहेरच्या पृष्ठापासून २५ मिमी उंचीवर. सगळी भोकं एम ६ बोल्टसाठी, ६.६ मिमीची.

मापं सगळी बाहेरून दिली आहेत हे मुद्दाम. ड्रॉइंगवर एक माप आतून आणि दुसरं बाहेरून असेल तर प्रत्येक वेळी २ मिमीचा घोळ होतो, आणि तो कुणाच्या डोक्यात होतोय हे कळतही नाही.

आधी शॉपमध्ये जा, मग संगणकावर बसा

नवखा माणूस उलटं करतो. आधी मॉडेल, त्यात जी त्रिज्या आपोआप आली ती, मग फाइल, आणि सगळ्यात शेवटी बेंडिंगवाल्याला फोन. पण बेंडची आतली त्रिज्या आपण ठरवत नाही. आज बहुतेक ठिकाणी एअर बेंडिंग होतं, म्हणजे पंच पत्र्याला व्ही डायमध्ये ढकलतो, पण डायच्या तळाला टेकवत नाही. तिथे आतली त्रिज्या प्रामुख्याने डायच्या तोंडाच्या रुंदीवरून ठरते. साध्या पोलादासाठी ती त्या रुंदीच्या साधारण सोळा टक्के धरतात. २ मिमी पत्र्याला १६ ची व्ही डाय लावली की त्रिज्या अडीच मिमीच्या आसपास येते, १२ ची लावली तर दोनच्या आसपास. तुम्ही मॉडेलमध्ये १ मिमी त्रिज्या काढली म्हणून मशीन १ मिमी देणार नाही.

म्हणून बेंडिंग करणाऱ्याला पहिला प्रश्न हा विचारायचा: "दोनच्या पत्र्याला कितीची डाय लावता?" उत्तर बहुतेक वेळा १२ किंवा १६ असतं. आमच्या ब्रॅकेटसाठी १६ मिळालं. मग त्याच डायवर, त्याच लॉटच्या पत्र्याची चाचणीपट्टी वाकवून मागा. ३०-४० मिमी रुंद, १०० मिमी लांब पट्टी लेझरवर कापलेली असली तर उत्तमच, कारण कडा सरळ असतात. वाकवण्याआधी तिची लांबी आणि जाडी मोजून लिहून ठेवा. २ मिमी म्हणून आलेला पत्रा १.९५ भरू शकतो, आणि हिशोबात खरी जाडी धरायची असते. माझा २.०० भरला.

वाकवल्यावर पट्टीला आधी गुण्या लावा. कोन ९० च्या ऐवजी ८८ किंवा ९२ असेल तर पुढची सगळी मापं खोटी निघतात. ऑपरेटरला सांगून काटकोन करून घ्या. मग एक पाय सपाट टेबलावर ठेवून दुसऱ्याची उंची मोजा, पट्टी उलटून तेच करा. त्रिज्या गेजने बघा. माझ्या पट्टीत २.५ चं पान बरोबर बसलं.

आकड्यांचा हिशोब

वाकताना पत्र्याची बाहेरची बाजू ताणली जाते आणि आतली दाबली जाते. मध्ये कुठेतरी एक थर असा असतो ज्याची लांबी बदलत नाही. त्याला न्यूट्रल ॲक्सिस म्हणतात. तो जाडीच्या बरोबर मधोमध नसतो, थोडा आतल्या बाजूला सरकलेला असतो. आतल्या पृष्ठापासून तो जाडीच्या किती अंशावर आहे, तो अंश म्हणजे के-फॅक्टर. गोलाईत त्या थराची जी लांबी भरते तिला बेंड अलाउन्स म्हणायचं.

काटकोनासाठी दोन सूत्रं पुरतात. `R` म्हणजे आतली त्रिज्या, `T` म्हणजे जाडी, `BA` म्हणजे बेंड अलाउन्स, `BD` म्हणजे बेंड डिडक्शन:

```
BA = 1.5708 * (R + K*T)
BD = 2*(R + T) - BA
```

१.५७०८ हा π चा निम्मा आहे, काटकोनासाठीच. दुसऱ्या कोनाला तिथे तो कोन रेडियनमध्ये येईल आणि दुसऱ्या सूत्रातला `2*(R + T)` निम्म्या कोनाच्या टॅनने गुणावा लागेल. तिथे एक फसगत ठरलेली आहे: कोन म्हणजे पत्रा जितका वळला तो, दोन पायांमधला नव्हे. दोन पायांमध्ये १३५ अंश दिसत असतील तर पत्रा ४५ अंशच वळलेला असतो.

आपल्याला उलटं जायचं आहे. पट्टीने `BD` सांगितलं आहे, त्यातून के काढायचा:

```
BD = 51.80 + 51.95 - 100    = 3.75
BA = 2*(2.5 + 2) - 3.75     = 5.25
K  = (5.25/1.5708 - 2.5)/2  = 0.42
```

०.४२. एअर बेंडिंगमध्ये पोलादाला ०.४ च्या आसपास आकडा येणं हे नेहमीचंच, म्हणजे मोजमापात मोठी गडबड नाही. ०.६ आला असता तर मी पट्टी पुन्हा मोजली असती, कारण अर्ध्याच्या वर गेलेला के म्हणजे न्यूट्रल थर बाहेर सरकला असं होतं, आणि तसं साधारणपणे होत नाही.

एक गोष्ट बरीच उशिरा माझ्या लक्षात आली. समजा तुमच्याकडे त्रिज्या गेज नाही आणि तुम्ही डोळ्यांनी २ मिमी धरली. त्याच ३.७५ वरून के ०.३५ येईल. आकडा वेगळा, पण २ आणि ०.३५ ही जोडी सॉफ्टवेअरमध्ये टाकली तरी काटकोनाला डिडक्शन ३.७५ च मिळतं आणि पार्ट बरोबरच येतो. म्हणजे त्रिज्या आणि के ही जोडी आहे. एकाचा मोजलेला आकडा आणि दुसऱ्याचा इंटरनेटवरचा अशी सरमिसळ केली की बिघडतं. कुणी नुसतं "के ०.४४ टाक" म्हणालं, तर कोणत्या त्रिज्येला हे विचारल्याशिवाय टाकू नका.

आता सॉफ्टवेअर उघडण्याआधी ब्रॅकेटची सपाट लांबी हातानेच काढून ठेवू. बाहेरच्या मापांची बेरीज ४० अधिक ८० अधिक ४०, म्हणजे १६०. बेंड दोन, वजा ७.५०. उत्तर १५२.५ मिमी. हा आकडा कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवा. पुढे सॉफ्टवेअरने याच्यापेक्षा वेगळं काही दाखवलं तर चूक आपल्या टाकलेल्या आकड्यात असते, आणि ती इथेच पकडता येते.

फ्रीकॅडमध्ये मॉडेल

शीट मेटलचं काम मूळ फ्रीकॅडमध्ये नसतं. `Tools` मेन्यूतल्या `Addon manager` मधून `SheetMetal` वर्कबेंच घालून घ्या आणि फ्रीकॅड बंद करून पुन्हा उघडा. आवृत्तीनुसार बटणांची नावं आणि जागा थोड्या बदलतात, क्रम तोच राहतो.

८० बाय ६० चा आयत स्केच करा आणि `Make Base Wall` ने त्याला २ मिमी जाडी द्या. मग ६० मिमी बाजूची एक कड निवडून `Make Wall` दाबा. भिंत उभी राहील. तिला हात लावण्याआधी गुणधर्मांच्या खिडकीत त्रिज्या २.५ करा, कारण आपोआप आलेली त्रिज्या बहुतेक १ मिमी असते.

इथे दोन गोष्टींकडे नीट बघायचं. पहिली, भिंत तळाच्या बाहेर उभी राहते की आत. आपोआप येणारा पर्याय `Material Outside` असतो. त्यात ८० चा तळ तसाच राहतो आणि बेंड त्याच्या कडेपासून पुढे सुरू होतो. मग बाहेरून बाहेर माप ८० राहत नाही. प्रत्येक बाजूला त्रिज्या अधिक जाडी म्हणजे ४.५ वाढून ८९ होतं. आपल्याला ८० बाहेरून हवं आहे, म्हणून `Material Inside` निवडा. तळाची कड आपोआप मागे सरकेल आणि भिंतीचं बाहेरचं पृष्ठ मूळ ८० च्या रेषेवर येईल.

दुसरी गोष्ट लांबीची. `Length` मध्ये ४० टाकलं की पाय बाहेरून ४० होईल असं वाटतं, पण नेहमीची सेटिंग `Leg` असते आणि ती बेंड संपल्यानंतरचा सपाट भाग मोजते. म्हणजे पाय ४४.५ उंच होतो. लांबीचा प्रकार `Outer Sharp` केला की ४० म्हणजे बाहेरच्या कोपऱ्यापासून ४०. तो पर्याय सापडला नाही तर `Leg` ठेवून ३५.५ टाका, उत्तर एकच.

समोरची भिंतही तशीच उभी करा. मग मोजायचं साधन घेऊन तीन मापं तपासा: बाहेरून बाहेर ८०, दोन्ही पाय ४०. हे न करता पुढे जाणारे मी पाहिलेत, त्यांत एकेकाळी मीही होतो.

भोकं भिंती उभ्या झाल्यावर पाडा, त्या त्या पृष्ठावर स्केच काढून. पायातलं भोक तळाच्या बाहेरच्या पृष्ठापासून २५ वर आहे, म्हणजे पायाच्या वरच्या कडेपासून १५ वर. हा १५ लक्षात ठेवा, फ्लॅटमध्ये तो कामाला येतो.

भोक बेंडच्या किती जवळ चालेल? १६ च्या व्ही डायमध्ये पत्रा बेंडरेषेपासून दोन्ही बाजूंना आठ-आठ मिमीवर डायच्या खांद्यांवर टेकलेला असतो. त्या आठ मिमीच्या आत भोकाची कड आली तर वाकताना भोक ओढलं जाऊन लांबट होतं. आपल्या पायात भोकाची खालची कड तळाच्या बाहेरच्या पृष्ठापासून २१.७ वर आहे, चिंता नाही. पायाच्या उंचीलाही याच कारणाने खालची मर्यादा आहे. १६ च्या डायवर साधारण ११ मिमीपेक्षा आखूड पाय वाकवायला गेलं की पत्र्याची कड डायच्या खांद्यावरून आत घसरते. मॉडेलमध्ये ६ मिमीचा पाय सुंदर दिसतो, मशीनवर तो होत नाही.

आपले पाय पूर्ण रुंदीचे आहेत म्हणून रिलीफची गरज नाही. पाय कडेच्या फक्त काही भागावर असता तर त्याच्या दोन्ही टोकांना खाच द्यावी लागली असती, निदान पत्र्याच्या जाडीइतकी रुंद आणि बेंडच्या पलीकडे जाईल इतकी खोल. नाहीतर पत्रा त्या कोपऱ्यात फाटतो.

उलगडणं

तळाचं मोठं सपाट पृष्ठ निवडा आणि `Unfold` दाबा. जे पृष्ठ निवडाल ते जागेवर राहतं आणि बाकीचे पाय त्याच्या पातळीत उलगडतात. पॅनेलमध्ये के-फॅक्टर हाताने टाकायचा पर्याय घ्या आणि `0.42` लिहा.

त्याच्या शेजारीच `ANSI` आणि `DIN` असे दोन पर्याय दिसतील. हे कामाच्या दर्जाचं प्रमाणपत्र नाही, के मोजायच्या दोन पद्धती आहेत. `ANSI` मध्ये न्यूट्रल थराचं अंतर पूर्ण जाडीने भागतात, `DIN` मध्ये निम्म्या जाडीने. त्यामुळे एकाच बेंडचा `DIN` आकडा `ANSI` च्या दुप्पट असतो. आपण वर काढलेला ०.४२ हा `ANSI` पद्धतीचा आहे. चुकून `DIN` वर टिक राहिली तर सॉफ्टवेअर त्याला ०.२१ समजतं, आणि सपाट लांबी १५२.५ ऐवजी १५१.२ येते. सव्वा मिमी आखूड. स्क्रीनवर दोन्ही सारखेच दिसतात, कुठेही लाल अक्षर येत नाही. मॉनिटरला चिकटवलेला कागद नेमका इथे उपयोगी पडतो.

फ्लॅट आला की मोजा. लांबी १५२.५, रुंदी ६०. पायातल्या भोकाचं केंद्र फ्लॅटच्या कडेपासून १५, कारण पायाचा तो भाग सपाटच आहे आणि तिथे काही बदलायला नको. दोन पायांतल्या भोकांमधलं अंतर १५२.५ वजा ३०, म्हणजे १२२.५. तळातल्या भोकांमध्ये ५० चे ५० च. बेंडरेषा कडेपासून ४० वजा डिडक्शनचा निम्मा, म्हणजे ३८.१ च्या जरा पुढे, आणि दोन बेंडरेषांमध्ये ७६.२५. एवढं जुळलं की फ्लॅट बरोबर आहे.

लांबी १५३.८ आली असेल तर त्रिज्या १ वरच राहिली आहे. १५३.० आली असेल तर के ०.५ राहिला आहे. हे दोन आकडे मी पाठच करून ठेवलेत.

लेझरला पाठवायची फाइल

`Unfold` च्या पॅनेलमध्ये फ्लॅटचं स्केच तयार करायचा पर्याय असतो, आणि बाहेरची रेषा, आतली भोकं, बेंडरेषा यांची वेगवेगळी स्केचेस करायचाही. वेगवेगळी करा. मग फक्त बाहेरची रेषा आणि भोकं निवडून डीएक्सएफमध्ये निर्यात करा. बेंडरेषा नको.

याचं कारण मी पैसे मोजून शिकलो. अशाच एका ब्रॅकेटच्या ४० नगांची फाइल मी बेंडरेषांसकट पाठवली, सगळं एकाच लेयरवर. मनात हे की बेंडिंगवाल्याला रेषा दिसलेल्या बऱ्या. लेझरला रेषा म्हणजे कापायची रेषा. संध्याकाळी डबा आला त्यात १२० नग होते, ४० तळ आणि ८० पाय, भोकांसकट अगदी नीट कापलेले. कापणाऱ्याची चूक नव्हती. त्याने फाइल जशी होती तशी कापली. बेंडरेषा द्यायच्याच असतील तर वेगळ्या लेयरवर द्या आणि तो लेयर कापायचा नाही हे शब्दांत लिहा. मी आता त्या डीएक्सएफमध्ये ठेवतच नाही, सोबतच्या पीडीएफ ड्रॉइंगमध्ये दाखवतो.

डीएक्सएफ पाठवण्याआधी फ्रीकॅडमध्ये नव्हे, दुसऱ्याच कुठल्या प्रोग्रॅममध्ये उघडून बघा. लिब्रेकॅड चालेल. मला तिथे तीन गोष्टी बघायच्या असतात. आकार १५२.५ बाय ६० च आहे ना, कारण मिमीची फाइल इंच समजून उघडली गेली की सगळं २५.४ पटीने फिरतं. बाहेरची रेषा कुठे तुटलेली नाही ना, एका टोकाला शंभरावा भाग मिमी फट असली तरी काही नेस्टिंग सॉफ्टवेअर आकार बंद धरत नाहीत. आणि रेषेवर रेषा बसलेली नाही ना. तेच स्केच चुकून दोनदा निर्यात झालं की असं होतं, आणि मग लेझर त्याच वाटेने दुसऱ्यांदा फिरून कड जाळतो. कुठलीही रेषा खोडून पाहा. खाली दुसरी शिल्लक दिसली तर दुहेरी आहे.

कापताना लेझरचा झोत थोडा पत्रा खातो, त्याला कर्फ म्हणतात. म्हणून काही जण भोक आधीच लहान किंवा बाहेरची रेषा मोठी काढतात. तसं करू नका. मशीनवर कर्फची भरपाई आपोआप लावलेली असते. तुम्हीही लावली तर दुप्पट होते. हवं ते अंतिम माप काढा.

आपला ब्रॅकेट दोन्ही बाजूंनी सारखा आहे, म्हणून उलटा कापला तरी बिघडत नाही. पण भोकं एकाच बाजूला सरकलेली असती तर कोणतं पृष्ठ वर आहे आणि पाय वर वाकतात की खाली हे ड्रॉइंगवर लिहावंच लागलं असतं, नाहीतर सगळे नग डाव्या हाताचे येतात.

फाइलच्या नावातच बरंच सांगता येतं. माझं नाव असं असतं:

```
bracket_U80_CRCA_2mm_qty40_152.5x60.dxf
```

कापणाऱ्याने उघडल्यावर त्याला १५२.५ बाय ६० दिसलं नाही तर तो स्वतःच फोन करतो.

बेंडिंगच्या ड्रॉइंगवर बाहेरची मापं, बेंडची दिशा, कोन आणि एक ओळ: '१६ व्ही डाय, आतली त्रिज्या २.५ धरली आहे'. स्प्रिंगबॅकचा, म्हणजे पंच वर गेल्यावर पत्रा जो थोडा परत उघडतो त्याचा, हिशोब तुम्ही करायचा नाही. ऑपरेटर त्यासाठी थोडं जास्त वाकवतो. ड्रॉइंगवर ९० च लिहा.

पहिला नग आला, माप चुकलं

चाळीसच्या चाळीस कापू नका. आधी दोन कापून वाकवून घ्या. आणि माप चुकलं तर लगेच के बदलायला धावू नका. आधी चूक कुणाची ते ठरवायचं, आणि त्यासाठी बेरीज पुरते.

समजा पाय ४०.६ आणि ३९.४ आले, तळ ८०. बेरीज १६०. सपाट नग १५२.५ चा होता, फरक ७.५, दोन बेंडना भागून ३.७५. डिडक्शन अगदी बरोबर आहे. बेंड फक्त सरकलेला आहे, म्हणजे प्रेस ब्रेकचा बॅकगेज चुकलाय किंवा पत्रा गेजला नीट टेकलेला नव्हता. फाइलला हात लावायचा नाही.

समजा पाय ४०.२ आणि ४०.१, तळ ७९.९. बेरीज १६०.२, फरक ७.७, म्हणजे बेंडमागे ३.८५. इथे डिडक्शनच वेगळं आहे. आधी वाकवण्याआधी मोजलेली सपाट लांबी खरंच १५२.५ होती का ते बघा, मग कोन तपासा, मग विचारा की डाय तीच लावली होती का. २० ची डाय लावली तर त्रिज्या सव्वातीनच्या जवळ जाते आणि डिडक्शन चारच्या वर. १२ ची लावली तर साडेतीनच्या जवळ. त्या दिवशी १६ ची डाय दुसऱ्या मशीनवर गुंतलेली असते आणि ऑपरेटर हाताशी होती ती लावतो, हे भोसरीत काय आणि अंबडला काय, सगळीकडे होतं.

डाय तीच असेल, कोन बरोबर असेल आणि तरीही ३.८५ येत असेल, तर तो या लॉटच्या पत्र्याचा खरा आकडा. त्रिज्या २.५ ठेवून नवा के काढा:

```
K = ((9 - 3.85)/1.5708 - 2.5)/2 = 0.39
```

मॉडेलमध्ये ०.३९ टाका, फ्लॅट १५२.३ होईल. बाकीचे ३८ त्यावरून कापा. आणि वहीत एक ओळ: पत्रा, मोजलेली जाडी, डाय, त्रिज्या, डिडक्शन, कुठल्या मशीनवर, तारीख. माझ्या वहीत २ मिमी सीआरसीएच्या अशा सहा ओळी आहेत, ३.५५ पासून ३.८५ पर्यंत, आणि त्यातल्या चार वेगवेगळ्या शॉपच्या आहेत.